तेजीतला पुलबॅक आणि ८० च्या वर अडकून बसलेला स्टोकॅस्टिक

स्टोकॅस्टिक हा इंडिकेटर शिकताना सगळ्यात आधी कानावर पडतं ते असं: ८० च्या वर गेला की विका, २० च्या खाली आला की घ्या. बाजार एका पट्ट्यात वरखाली होत असेल तर हे काही काळ चालतंही. पण चांगल्या तेजीत असलेल्या शेअरवर हाच नियम लावला, तर तेजीच्या सुरुवातीलाच माल हातातून जातो आणि पुढचे कित्येक आठवडे स्टोकॅस्टिक ८० च्या वर बसून राहतो आणि शेअर चढत राहतो. २० ची वाट पाहणाऱ्याला तर आत शिरायची संधीच मिळत नाही. म्हणून या लेखात दोनच गोष्टी घेतल्या आहेत. तेजीतल्या शेअरमध्ये पुलबॅकवर, म्हणजे चढता भाव थोडा मागे येतो तेव्हा, स्टोकॅस्टिकच्या मदतीने कसं शिरायचं, आणि आकडा आठवडेच्या आठवडे ओव्हरबॉट, म्हणजे ८० च्या वर, राहिला तर काय करायचं. सगळं डेली चार्टसाठी आहे.

आधी आकडा काय सांगतो ते पाहू

```
%K = (C - L14) / (H14 - L14) * 100
```

C म्हणजे आजचा बंद भाव. L14 आणि H14 म्हणजे गेल्या १४ सत्रांतला सर्वात खालचा आणि सर्वात वरचा भाव. म्हणजे आजचा बंद भाव १४ दिवसांच्या पट्ट्यात नेमका कुठे आहे, एवढंच हे गणित सांगतं. ८० च्या वर म्हणजे पट्ट्याच्या वरच्या पाचव्या हिश्श्यात. शेअर महाग आहे का, फार पळाला आहे का, थकला आहे का, यातलं काहीही या सूत्रात नाही.

हे एकदा आकड्यांत पाहिलं की कायमचं डोक्यात बसतं. समजा एक शेअर रोज बरोबर १ अंकाने वर बंद होतो, आणि दिवसाचा वरचा भाव बंद भावाच्या १ अंक वर तर खालचा १ अंक खाली असतो. मग १४ दिवसांचा नीचांक आजच्या बंद भावापेक्षा १४ अंक खाली आणि उच्चांक १ अंक वर असेल. %K आला १४ भागिले १५, म्हणजे ९३.३. उद्याही ९३.३, महिनाभरानेही ९३.३. आता तोच शेअर दुप्पट वेगाने, रोज २ अंकांनी चढतोय असं धरा. %K होतो २७ भागिले २८, म्हणजे ९६.४. वेग दुप्पट झाला आणि आकडा फक्त ३ ने हलला. १०० च्या पलीकडे जागाच नसल्यामुळे स्टोकॅस्टिक वरच्या टोकाला दाबून बसतो. स्थिर तेजीत तो आठवडेच्या आठवडे ८० च्या वर राहणं ही बिघाडाची खूण नाही, सूत्रातूनच ते येतं.

सेटिंग `14, 3, 3` ठेवा. यात कच्च्या %K ची ३ दिवसांची सरासरी काढून तिला %K म्हणतात, आणि तिची पुन्हा ३ दिवसांची सरासरी म्हणजे %D. काही प्लॅटफॉर्मवर मधला आकडा मुळात १ असतो. तो फास्ट स्टोकॅस्टिक झाला. त्याच्या रेषा फार थरथरतात आणि खाली दिलेले आकडे त्याला लागू होत नाहीत. आणि आकडा नेहमी बाजार बंद झाल्यावरच वाचा. चालू सत्रात C क्षणाक्षणाला बदलतो, त्यामुळे दुपारी दिसलेला दोन रेषांचा क्रॉसओव्हर बाजार बंद होईपर्यंत नाहीसा झालेला असू शकतो.

पहिली पायरी: तेजी आहे का ते ठरवणं

हे काम स्टोकॅस्टिककडे द्यायचं नाही. माझ्या मते नवख्यांनी चार्टवर ५० दिवसांची साधी मूव्हिंग अ‍ॅव्हरेज लावावी आणि दोन प्रश्न विचारावेत. बंद भाव तिच्या वर आहे का? आणि ती स्वतः १० सत्रांपूर्वी होती त्यापेक्षा वर आहे का? दोन्ही उत्तरं हो असतील तरच पुढे जायचं. अ‍ॅव्हरेज सपाट असेल तर तो शेअर या पद्धतीसाठी नाही.

आणखी एक अट मी जोडतो: या चढाईत %K निदान एकदा ८० च्या वर जाऊन आलेला असावा. तेजी खरी असेल तर बंद भाव कधी ना कधी पट्ट्याच्या वरच्या टोकाला टेकतोच. जो शेअर ५० च्या अॅव्हरेजवर असूनही ६५-७० वरून परत फिरतोय, त्याच्यात खरेदीचा जोर दिसत नाही.

दुसरी पायरी: पुलबॅक मोजणं

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. आकडे गणित समजावं म्हणून मांडलेले आहेत. शेअर चढत चढत २४० चा उच्चांक करतो आणि त्या दिवशी २३८ ला बंद होतो. त्या वेळी १४ दिवसांचा नीचांक २१२ आहे. कच्चा %K आला २६ भागिले २८, म्हणजे ९२.९. हा पहिला दिवस धरू. पुढे भाव असा उतरतो:

| दिवस | बंद भाव | १४ दिवसांचा नीचांक | कच्चा %K | %K | %D |
|---|---|---|---|---|---|
| ५ | २२६ | २१८ | ३६.४ | ५४.२ | – |
| ६ | २२५ | २१९ | २८.६ | ३९.७ | – |
| ७ | २२४ | २२० | २०.० | २८.३ | ४०.७ |
| ८ | २२५.५ | २२१ | २३.७ | २४.१ | ३०.७ |
| ९ | २२९ | २२२ | ३८.९ | २७.५ | २६.६ |

उच्चांक सगळीकडे २४० च आहे. आता तिसरा रकाना नीट पाहा. भाव खाली येत असताना १४ दिवसांचा नीचांक मात्र वर सरकतोय, कारण तेजीच्या सुरुवातीचे जुने, स्वस्त दिवस रोज एक-एक करून खिडकीबाहेर पडतायत. त्यामुळे पट्टा २८ अंकांवरून २० वर आला. सातव्या दिवशी नीचांक २१२ लाच राहिला असता, तर २२४ च्या बंद भावाला कच्चा %K ४२.९ आला असता. प्रत्यक्षात तो २० आला. भाव २३८ वरून २२४ वर, म्हणजे जेमतेम ६ टक्के उतरला आणि स्टोकॅस्टिक मात्र ९० च्या पुढून तळाजवळ पोचला. तेजीत पुलबॅक पकडायला हे साधन उपयोगी पडतं ते याचमुळे: भाव थोडासा उतरला किंवा नुसता थांबला, तरी आकडा भरपूर खाली येतो आणि आपल्याला वेळ साधता येते.

याच उदाहरणात %K सर्वात खाली २४.१ पर्यंतच गेला. २० खाली गेलाच नाही. जोरदार तेजीत हे नेहमीचं आहे, म्हणून २० चा हट्ट सोडा. मी तेजीत ४० ही रेषा धरतो. %K ४० च्या खाली बंद झाला की शेअर नजरेखालच्या यादीत येतो. घ्यायचा अजून नाही.

तिसरी पायरी: शिरणं

नवव्या दिवशी %K २७.५ आणि %D २६.६. म्हणजे %K ने %D ला खालून वर ओलांडलं. हा इशारा झाला. पण खरेदी मी क्रॉसओव्हरवर करत नाही, भावाने होकार दिल्यावर करतो. ज्या दिवशी क्रॉसओव्हर झाला त्या दिवसाचा उच्चांक बघायचा, समजा तो २२९.८ आहे, आणि त्याच्या वर २३० ला खरेदीची ऑर्डर लावायची. पुढच्या दोन सत्रांत ती लागली नाही तर रद्द. भाव वर जायलाच तयार नसेल, तर नुसत्या रेषा ओलांडल्याला काही अर्थ नाही.

स्टॉपलॉस पुलबॅकच्या नीचांकाखाली. इथे सातव्या दिवशीचा नीचांक २२२ होता, तर स्टॉपलॉस २२१. एका शेअरमागे जोखीम ९. भांडवल १,००,००० असेल आणि एका सौद्यात १ टक्का, म्हणजे १,००० पेक्षा जास्त गमवायचे नाहीत असं ठरवलं असेल, तर १,००० भागिले ९, म्हणजे १११ शेअर. भाव गॅपने २३३ ला उघडला तर जोखीम १२ होते आणि संख्या ८३ वर येते. स्टॉपलॉस जवळ आणून १११ चा आकडा टिकवायचा नाही. नीचांक जिथे आहे तिथेच आहे.

शिरण्याआधी एक तपासणी करायची, जी बहुतेक जण करत नाहीत. १४ दिवसांचा पूर्ण पट्टा, म्हणजे उच्चांक वजा नीचांक, त्या शेअरच्या १४ दिवसांच्या एटीआरच्या किती पट आहे ते पाहा. एटीआर म्हणजे शेअर दिवसाला सरासरी किती हलतो तो आकडा. आपल्या उदाहरणात नवव्या दिवशी पट्टा १८ आहे, एटीआर ४ धरला तर साडेचार पट. चालेल. पट्टा तिपटीपेक्षाही लहान असेल तर शेअर जागच्या जागी घुटमळतोय. अशा अरुंद पट्ट्यात दोन-तीन साध्या दिवसांतच %K ८० वरून ३० वर येतो, आणि त्या ३० ला पुलबॅक म्हणणं चूक आहे. तेव्हा स्टोकॅस्टिक बाजूला ठेवून पट्टा कुठल्या बाजूने फुटतो ते पाहावं.

चौथी पायरी: आकडा ८० च्या वर गेला आणि तिथेच राहिला

समजा २३० ला शिरलो, पाचेक सत्रांत भाव २४१ ला बंद झाला आणि %K ८० च्या वर गेला. नवखा माणूस इथे विकतो. ९ ची जोखीम घेऊन ११ मिळाले, म्हणून त्याला बरंही वाटतं. मग शेअर पाच आठवडे ८० च्या वर राहून २६८ पर्यंत जातो. ही वेळ आल्यावर विचार करायला बसलं तर मन भीतीच्या बाजूने कौल देतं, म्हणून नियम आधीच लिहून ठेवावे लागतात. माझे असे आहेत.

%K आणि %D दोन्ही सलग तीन सत्रं ८० च्या वर बंद झाले, की मी शेअरला 'अडकलेला' म्हणतो. तिथून पुढे स्टोकॅस्टिक माझ्यासाठी विक्रीचा इशारा देऊ शकत नाही. ८० च्या वर असताना %K ने %D ला वरून खाली ओलांडलं तरी नाही. ९० च्या आसपास या दोन रेषा सारख्या एकमेकींना छेदत राहतात, आणि त्या छेदांतून फक्त एवढंच कळतं की आजचा बंद भाव उच्चांकापासून कालच्यापेक्षा किंचित लांब होता.

बाहेर पडायचं काम भावाला द्यायचं. स्टॉपलॉस गेल्या १० सत्रांच्या नीचांकाखाली ठेवून तो रोज बंद झाल्यावर वर सरकवायचा, खाली कधीच नाही. शेअर २६८ वर असताना १० सत्रांचा नीचांक २५७ असेल, तर स्टॉपलॉस २५६.५. तो लागला तर २३० पासून २६.५ अंक हातात पडतात, म्हणजे जोखमीच्या जवळजवळ तिप्पट.

या नियमाचा खर्चही नीट समजून घ्या. २४१ च्या दिवशी १० सत्रांच्या खिडकीत पुलबॅकचा २२२ चा नीचांक अजून आहेच. म्हणजे पहिले काही दिवस स्टॉपलॉस जवळपास हलतच नाही, आणि शेअर तिथूनच उलटला तर ११ अंकांचा कागदी नफा जाऊन तोट्यात बाहेर पडावं लागतं. हे अधूनमधून होणारच. ज्यांना ते सहन होत नाही त्यांनी नफा जोखमीइतका, इथे ९ अंक, झाल्यावर एक तृतीयांश माल विकावा आणि उरलेल्यावर हा नियम चालवावा. पण ८० दिसलं म्हणून सगळा माल विकू नये. या पद्धतीत बरेचसे सौदे लहान तोट्यात किंवा थोड्या नफ्यात संपतात आणि एखादा अडकलेला शेअर ती सगळी भरपाई करतो. तोच पहिल्या आठवड्यात विकून टाकला, तर भरपाईला काही उरत नाही.

अडकलेल्या काळात डायव्हर्जन्सही दिसतात: भाव नवा उच्चांक करतो आणि %K मात्र आधीच्या शिखरापेक्षा खाली, ९६ च्या जागी ८९. वर पाहिलेलं गणित आठवा. रोज २ अंकांनी चढणारा शेअर रोज १ अंकाने चढू लागला तर एवढ्यानेही आकडा ९६ वरून ९३ वर येतो, आणि भाव तर चढतोच आहे. वेग थोडा कमी झाला, इतकाच त्याचा अर्थ. मी डायव्हर्जन्सकडे लक्ष देतो ते आकडा ८० च्या खाली येऊन पुन्हा वर जायचा प्रयत्न करतो आणि ८० गाठत नाही तेव्हाच.

आणि ज्यांच्याकडे शेअर नाहीच, त्यांनी अडकलेल्या काळात काय करावं? खरेदी करू नये, आणि वरून विकून खाली परत घेण्याचा, म्हणजे शॉर्टचा विचार तर मुळीच करू नये. न घेण्याचं कारण ओव्हरबॉट हे नाही. स्टॉपलॉस ठेवायला जवळ नीचांकच नसतो, हे खरं कारण. भाव २६८ आणि आधार देणारा नीचांक २५७, म्हणजे जोखीम ११ पासून सुरू होते. थांबायचं.

कुलूप उघडल्यावर

%D ८० च्या खाली बंद झाला की अडकलेला काळ संपला. तेवढ्यावरूनही मी विकत नाही, तिथून पुढे फक्त पुन्हा पुलबॅक मोजायला लागतो. मात्र शेअर तीन आठवड्यांपेक्षा जास्त अडकलेला होता, तर ४० ची वाट पाहत नाही. इतक्या जोराच्या तेजीनंतरचा पहिला पुलबॅक बहुधा उथळ असतो, %K ४५-५० पर्यंत येऊन वळतो. म्हणून तेव्हा ५० ही रेषा धरतो, आणि सोबत एक जादा अट: भाव २० दिवसांच्या अ‍ॅव्हरेजजवळ, एका एटीआरच्या आत आलेला असावा. बाकी सगळं तेच: क्रॉसओव्हर, त्या दिवसाच्या उच्चांकावर ऑर्डर, पुलबॅकच्या नीचांकाखाली स्टॉपलॉस.

ही सवलत फक्त पहिल्या पुलबॅकला. दुसऱ्यापासून पुन्हा ४०. आणि तेजी चालू असताना चौथा-पाचवा पुलबॅक आला, तर मी संख्या निम्मी करतो, कारण तोवर भाव ५० च्या अ‍ॅव्हरेजपासून बराच लांब गेलेला असतो आणि तिथपर्यंतची एक साधी घसरणही मोठी पडते. हे अंतर भावावरूनच कळतं. स्टोकॅस्टिक ते दाखवू शकत नाही.

पुलबॅक नाही, तेजीच संपली, हे कसं ओळखायचं

सुरुवातीला दोन्ही अगदी सारखेच दिसतात, म्हणून स्टॉपलॉस आहे. पण फरक दिसायला लागतो तो आकडा तळाशी किती दिवस राहतो त्यावरून. तेजीतल्या पुलबॅकमध्ये %K ३०-४० च्या खाली जाऊन काही सत्रांत वळतो. %D सलग पाच सत्रं २० च्या खाली बंद झाला, तर तो आता उलट बाजूला, खाली अडकला आहे, आणि वर अडकलेल्या आकड्याला विकायचं नाही तसंच खाली अडकलेल्याला घ्यायचं नाही. बंद भाव ५० च्या अ‍ॅव्हरेजखालीही गेला असेल तर शेअर यादीतून काढायचा.

दुसरी खूण उसळीत दिसते. क्रॉसओव्हर होतो, भाव थोडा चढतो, पण %K ६०-७० वरून परत फिरतो आणि पुलबॅकचा नीचांक तुटतो. तेजीत हा आकडा साधारण ३० ते १०० च्या मध्ये खेळत होता, आता तो ० ते ७० मध्ये खेळायला लागला. अशा शेअरमध्ये पुढचा खालून वरचा क्रॉसओव्हर कितीही सुंदर दिसला तरी घेऊ नका. %K पुन्हा एकदा ८० च्या वर बंद होईपर्यंत आणि ५० ची अ‍ॅव्हरेज पुन्हा चढू लागेपर्यंत, पहिल्या पायरीच्या अटी पुऱ्या झालेल्या नाहीत.